मृतदेह कुठे जातो, ते आधी लिहा : 'धर्म आणि स्थलांतर' या ग्रंथासाठी संशोधकांना खुले पत्र

धर्म आणि स्थलांतर या विषयांवर काम करणाऱ्या सर्व संशोधक मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

'धर्म आणि स्थलांतर' या विषयावर मराठीत एक संपादित ग्रंथ करायचे आम्ही दोघा संपादकांनी ठरवले आहे आणि त्यासाठी प्रकरणे मागवत आहोत. रीतसर निवेदन वेगळे निघाले आहे. मुदत, पत्ता, टंकाचे नियम हे सगळे त्यात आहे. तरीही हे पत्र लिहितो आहे, कारण निवेदनात विषय एका ओळीत उरकावा लागतो आणि त्या ओळीवरून आमच्याकडे काय येऊन पडेल याची मला धास्ती आहे. 'अमुक देशातील तमुक समाज : धर्म, ओळख आणि आपलेपण' या साच्यातले गोषवारे येतील. त्यांतला एकेक सुटा वाचला तर बराही असेल. पण असे पंधरा एकत्र बांधले की ग्रंथ होत नाही, गठ्ठा होतो.

प्रकाशक असा प्रस्ताव बाहेरच्या दोन-तीन जाणकारांकडे वाचायला देतो, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ही प्रकरणे एकमेकांशी काय बोलतात? याला उत्तर नसले की संपादक प्रस्तावनेत 'वैविध्य' हा शब्द चार वेळा लिहून वेळ मारून नेतात. ती वेळ येऊ नये म्हणून आम्ही सगळ्या ग्रंथासाठी प्रश्न एकच ठेवला आहे. स्थलांतरित माणूस मेला की त्याच्या देहाचे काय होते, आणि ते नेमके कोण ठरवते?

मरणच का, असे काहींनी विचारले. त्याचे कारण व्यवहाराचे आहे. लग्न पुढे ढकलता येते, सण सुट्टीच्या दिवशी साजरा करता येतो, प्रार्थनास्थळ बांधायला समाज वीस वर्षे थांबू शकतो. मृतदेहाबद्दल मात्र काही दिवसांत निर्णय घ्यावाच लागतो. घेतलेल्या निर्णयाचा कागद मागे राहतो : मृत्यूचा दाखला, दफनभूमीच्या वहीतली नोंद, वकिलातीचे ना हरकत पत्र, विम्याचा दावा. आणि ज्याने आयुष्यात कधी प्रार्थनास्थळाची पायरी चढली नाही, त्याच्या घरच्यांपुढेही हा प्रश्न येतोच. श्रद्धेबद्दलच्या मुलाखतीत जे लोक आपल्या हाती लागत नाहीत, ते इथे लागतात.

आता ग्रंथाचा वाद कोणाशी आहे ते सांगतो. या क्षेत्रात एक सोपी समजूत रुळली आहे. पहिली पिढी देह मायदेशी पाठवते, पुढची पिढी राहत्या देशातच अंत्यविधी करते. म्हणून देह कुठे गेला हे पाहिले की समाज किती रुजला ते मोजता येते, अशी ती समजूत. परत गेलेला देह म्हणजे मातीची ओढ आणि इथे राहिलेला देह म्हणजे आपलेपण. मला हे मोजमाप फार ढिले वाटते. ओढ खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण ओढीच्या आधी तिथे कायदा उभा असतो, जागेचा करार असतो आणि पैशाचा हिशोब असतो, आणि बहुतेक लेखनात या तिघांना तळटिपेत जागा मिळते.

जर्मनीतले एखादे तुर्की मुस्लिम कुटुंब डोळ्यांपुढे आणा. वडील वारले. तिथे अंत्यविधीचे कायदे प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत, पण सर्वसाधारण चौकट अशी : बहुतेक ठिकाणी मृत्यूनंतर ठरावीक तास उलटल्याशिवाय दफन करता येत नाही, परंपरेने शवपेटी सक्तीची होती, आणि कबरीची जागा कायमची मिळत नाही, ती ठरावीक वर्षांसाठी मिळते. ही मुदत साधारण वीस-पंचवीस वर्षांची असते. ती संपली की पुन्हा पैसे भरायचे, आणि काही प्रकारच्या कबरींना तर मुदतवाढही मिळत नाही. मग ती जागा दुसऱ्याला जाते. इस्लामी रीतीत दफन लवकरात लवकर व्हावे, देह कफनात थेट मातीत जावा आणि कबर पुन्हा उकरली जाऊ नये, अशी अपेक्षा असते. या तिन्ही गोष्टींना तिथला कायदा आडवा जात होता. बर्लिनने २०१० साली शवपेटीशिवाय दफनाला वाट करून दिली, बव्हेरियाने २०२१ साली. म्हणजे दोन वेगळ्या राज्यांत राहणाऱ्या दोन भावांना एकाच वर्षी वेगवेगळे पर्याय असू शकत होते.

दुसरीकडे मशिदींच्या संघटनांनी चालवलेले अंत्यविधी निधी आहेत. कुटुंब दरवर्षी थोडी वर्गणी भरते आणि मृत्यू झाला की देह मायदेशी नेण्याचा खर्च निधी उचलतो; सोबत जाणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचे तिकीटही बहुधा त्यातच असते. मोरोक्कोच्या बँका परदेशी राहणाऱ्या आपल्या खातेदारांना अशाच प्रकारचा विमा देतात. आता त्या कुटुंबाचा हिशोब मांडा. राहत्या शहरात दफन करायचे तर आजच्या आज मोठी रक्कम, आणि पंचवीस वर्षांनी मुलांना पुन्हा बिल. गावी पाठवायचे तर पैसे आधीच भरलेले, आणि कबर कायमची. मुलगा मुलाखतीत म्हणेल, 'अब्बांना गावच्या मातीत जायचं होतं.' ते खरेच असेल. पण संशोधकाने तेवढे एक वाक्य उचलून 'मातृभूमीशी भावनिक नाते' असे उपशीर्षक दिले, तर त्या घरात झालेल्या निर्णयाचा निम्मा भाग कागदावर उतरलाच नाही.

यातला एक अंतर्विरोध मला फार बोलका वाटतो. देह परत नेण्यामागचे कारण धार्मिक असते, पण नेण्याची प्रक्रिया मात्र त्याच धर्माच्या रीतीला छेद देते. मृतदेहांच्या वाहतुकीबाबत युरोपीय देशांमध्ये १९७३ चा स्ट्रासबर्ग करार आहे. त्यानुसार देहाबरोबर एक खास प्रवासपत्र लागते आणि पेटी झिरपणार नाही अशी बंदिस्त लागते : बाहेर निदान २० मिलिमीटर जाडीचे लाकूड, आत झाळून बंद केलेले जस्ताचे अस्तर, असा त्यातला एक मान्य प्रकार. या कराराबाहेरच्या अनेक मार्गांवर एम्बामिंगचा दाखला मागतात. म्हणजे रसायने टोचायची नाहीत, पेटी नको, उशीर नको अशी ज्यांची रीत, त्यांचा देह रीत पाळण्यासाठीच रसायने टोचून, जस्तात बंद होऊन, काही दिवस उशिराने गावी पोहोचतो. गावी पेटी उघडायची की नाही, देहाला गुस्ल म्हणजे धार्मिक स्नान पुन्हा घालायचे की नाही, हे कोण ठरवते? तिथला इमाम, थोरला भाऊ की विमानतळावरचा आरोग्य अधिकारी? यावर कोणी नीट लिहिले तर ते प्रकरण मी डोळे मिटून घेईन. (खरे तर उघडून, दोनदा वाचून. पण घेईन.)

२०२० साली या साऱ्या व्यवस्थेची परीक्षा झाली. मार्चमध्ये मोरोक्कोने सीमा बंद केल्या आणि परदेशातून येणारे मृतदेहही थांबवले. फ्रान्समध्ये मरण पावलेल्या मोरोक्कन माणसाला आता फ्रान्समध्येच जागा शोधायची होती, आणि फ्रान्समधली जागा ही एक वेगळीच कहाणी आहे. १४ नोव्हेंबर १८८१ च्या कायद्याने तिथल्या सार्वजनिक दफनभूमीतले धर्मवार विभाग रद्द केले. मुसलमानांसाठी आज जे वेगळे कोपरे दिसतात ते कायद्याने दिलेले नाहीत. कबरी एकत्र कुठे ठेवायच्या याचा जो अधिकार महापौराला असतो, त्यातून ते निघाले आहेत. सरकारने १९७५, १९९१ आणि २००८ मध्ये परिपत्रके काढून महापौरांना तसे सुचवले, बंधन मात्र घातले नाही. त्यामुळे एका गावी कोपरा आहे, पलीकडच्या गावी नाही. पूर्व फ्रान्समधल्या आल्सास-मोझेल भागात जुना स्थानिक कायदा लागू असल्यामुळे २०१२ मध्ये स्ट्रासबर्गला पालिकेची स्वतंत्र मुस्लिम दफनभूमी सुरू होऊ शकली. उरलेल्या देशात ते इतके सरळ नाही. विमाने थांबली तेव्हा पॅरिसच्या आसपासचे कोपरे झपाट्याने भरले. त्या वर्षीचे फ्रान्समधल्या दफनांचे आकडे पाहून कोणी 'समाज रुजला' असा निष्कर्ष काढला तर आपण हसू. पण इतर वर्षांच्या आकड्यांवरून उलटा निष्कर्ष काढताना आपण तितकेच सावध असतो का? विमाने पुन्हा सुरू झाल्यावर त्याच कुटुंबांनी पुढच्या मृत्यूच्या वेळी काय केले, हे शोधणारे प्रकरण आम्हाला हवे आहे. ज्या घरातला एक माणूस त्या कोपऱ्यात गेला, त्या घराच्या दृष्टीने तो कोपरा आता काय आहे?

वरची उदाहरणे दफनाची झाली. दहनाचे एक प्रकरण थोडे विस्ताराने मांडतो, कारण आम्हाला गोषवाऱ्यात कसली बांधणी हवी आहे ते त्यातून कळेल.

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे राहणाऱ्या देवेंदर घई यांनी २००६ मध्ये नगर परिषदेकडे मागणी केली की हिंदूंना उघड्यावर चिता रचून दहन करता यावे यासाठी जागा मिळावी. परिषदेने नकार दिला. २००९ मध्ये उच्च न्यायालयात ते हरले. फेब्रुवारी २०१० मध्ये अपील न्यायालयात जिंकले. बहुतेक लेख इथे सुरू होतात आणि 'अल्पसंख्याकांच्या धार्मिक हक्कांचा विजय' असे म्हणून इथेच संपतात.

आता तेच प्रकरण कागदावरून मागे मागे वाचत जाऊ. ज्या कायद्याने घईंना अडवले तो १९०२ चा दहन कायदा. तो हिंदूंना डोळ्यांपुढे ठेवून केलेला नव्हता. १८८४ मध्ये वेल्समधल्या विल्यम प्राइस नावाच्या, स्वतःला ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहित म्हणवणाऱ्या डॉक्टरने आपल्या तान्ह्या मुलाचा देह उघड्यावर जाळायला घेतला, लोक खवळले, खटला कार्डिफच्या न्यायालयात गेला आणि न्यायमूर्तींनी सांगितले की लोकांना उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नव्हे. पुढच्या वर्षी वोकिंगच्या दाहगृहात पहिले रीतसर दहन झाले. १९०२ च्या कायद्याने या नव्या पद्धतीला शिस्त लावली. दाहगृह म्हणजे मानवी अवशेष जाळण्याची साधने बसवलेली इमारत, अशी व्याख्या केली. घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय ते कोणत्याही राहत्या घरापासून २०० यार्डांच्या आत बांधायचे नाही, सार्वजनिक रस्त्यापासून ५० यार्डांच्या आत बांधायचे नाही, असे अंतर घालून दिले. म्हणजे स्थलांतरित हिंदू ज्या कायद्याला शंभर वर्षांनी धडकला, तो दुसऱ्याच लोकांच्या, दुसऱ्याच भांडणातून जन्मलेला होता. स्थलांतर आणि धर्म यांच्या अभ्यासात हे वारंवार दिसते आणि वारंवार सुटते. यजमान देश 'धर्मनिरपेक्ष' किंवा 'ख्रिस्ती' एवढेच लिहून आपण पुढे जातो. त्या देशाचा अंत्यविधीचा कायदा कोणत्या जुन्या वादातून आला, हे कोणी पाहत नाही.

आणखी एक पायरी आहे. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांसाठी ब्रायटनमध्ये रुग्णालये उघडली होती. तिथे वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन शहराबाहेरच्या टेकाडावर उघड्या चितेवर झाले. मुसलमान सैनिकांना वोकिंगजवळ पुरले. ब्रायटनच्या त्या जागी १९२१ मध्ये उद्घाटन झालेली स्मारकाची छत्री आजही उभी आहे. कायदा तेव्हाही १९०२ चाच होता. मग १९१५ मध्ये जे शक्य होते ते २००६ मध्ये का नव्हते? सैनिकाचा देह साम्राज्याच्या निष्ठेचा प्रश्न होता; शेजारी राहणाऱ्या नागरिकाचा देह नगररचनेचा प्रश्न झाला. माझे हे उत्तर कदाचित कोणी खोडून काढेल. तसे प्रकरण आले तर आनंदच आहे.

मधल्या काळात ब्रिटनमधल्या बहुसंख्य हिंदूंनी दाहगृह स्वीकारले. विधी नव्याने बसवला. घरी शवपेटी उघडून तांदूळ, फुले, तूप वाहायचे. दाहगृहात मिळालेल्या ठरावीक वेळात मंत्र आटपायचे. पेटी आत जाताना घरचे चार जण भट्टीपाशी उभे राहायचे आणि थोरल्या मुलाने अग्नी देण्याऐवजी कळ दाबायची. म्हणून घईंचा दावा न्यायालयात गेला तेव्हा पहिला प्रश्न परिषदेने नव्हे, जणू त्यांच्याच समाजाने उभा केला होता : इतर सगळ्यांना जे चालते ते तुम्हाला का चालत नाही? दोन्ही बाजूंनी हिंदू धर्माचे जाणकार आले आणि उघडी चिता अत्यावश्यक आहे की नाही यावर त्यांचे एकमत झाले नाही. उच्च न्यायालयाने घईंची श्रद्धा प्रामाणिक आहे हे मानले, मानवी हक्कांच्या युरोपीय करारातल्या धर्मस्वातंत्र्याच्या नवव्या कलमाखाली ती येते हेही मानले, पण बंदी समर्थनीय ठरवली. उघड्यावर देह जळताना पाहणे इतरांना क्लेशकारक वाटेल, हा सरकार पक्षाचा युक्तिवाद त्यात महत्त्वाचा होता.

अपिलात गोष्ट भलत्याच वाटेने सुटली. घईंनी सांगितले की भिंती आणि वर उघडे छत असलेली वास्तू मला चालेल. अग्नी लाकडाचा हवा आणि देहावर सूर्यप्रकाश पडायला हवा. न्यायालयाने म्हटले, अशी वास्तू १९०२ च्या कायद्यातल्या इमारतीच्या व्याख्येत बसते. संपले. धर्मस्वातंत्र्याच्या प्रश्नात शिरण्याची गरजच उरली नाही. आणि न्यायालयाने हेही नोंदवले की नगररचनेची परवानगी आणि सार्वजनिक आरोग्याचे नियम हे वेगळे राहतात. तेव्हा हा 'धार्मिक हक्कांचा विजय' होता का? मी म्हणेन, तो बांधकामाच्या व्याख्येचा विजय होता. धर्माबद्दल बोलायचे न्यायालयाने टाळले आणि त्यामुळेच मागणी मान्य झाली. स्थलांतरितांच्या धर्माला जागा बऱ्याचदा अशीच मिळते, तत्त्वाच्या दारातून न येता नियमावलीच्या खिडकीतून. पण त्या खिडकीपाशी पोहोचायला वकील, पैसा आणि चार वर्षांचा धीर लागतो, आणि आत शिरल्यावरही वखार, धूर, शेजारी यांचे प्रश्न समोर असतात.

चांगल्या गोषवाऱ्याकडून मला एवढीच अपेक्षा आहे. एक जागा, एक कागद, त्या कागदाच्या मागचा इतिहास, आणि ज्यावर वाद घालता येईल असे एक विधान. 'हा लेख अमुक गोष्टीचा शोध घेईल' असे भविष्यकाळात लिहू नका. काय सापडले ते सांगा. अजून काही सापडले नसेल तर हा ग्रंथ आपल्यासाठी थोडा लवकर आला आहे, आणि त्यात काही गैर नाही.

साधनांबद्दल एक इशारा द्यायला हवा. या विषयावरचे पुष्कळ लेखन दहा-पंधरा मुलाखतींवर उभे असते आणि त्या मुलाखती एकाच प्रार्थनास्थळाच्या विश्वस्तांनी गाठ घालून दिलेल्या असतात. असे लेखन ओळखायची एक खूण आहे : त्यात प्रत्येक जण सांगतो की परदेशात धर्माने मला आधार दिला. ज्यांना दिला नाही, जे भांडून बाहेर पडले, ज्यांनी जोडीदाराच्या धर्माने अंत्यविधी केला, ते विश्वस्तांच्या यादीत नसतात. म्हणून आमची विनंती आहे की सुरुवात दफनभूमीच्या किंवा दाहगृहाच्या नोंदवहीपासून करा आणि तिथून कुटुंबांकडे जा.

नोंदवहीलाही मर्यादा आहेतच. फ्रान्सच्या जनगणनेत धर्म शेवटचा विचारला तो १८७२ मध्ये. अमेरिकेची जनगणना तो विचारत नाही. इंग्लंड आणि वेल्सने २००१ पासून विचारायला सुरुवात केली, तीही ऐच्छिक. त्यामुळे बरेच जण नावावरून धर्म ठरवतात, आणि तिथे घोटाळा होतो. अरबी नावाचा ख्रिस्ती मुसलमान म्हणून मोजला जातो, धर्मांतर केलेला माणूस जुन्याच रकान्यात राहतो, नास्तिकाला तर रकानाच नसतो. नावावरून वर्गवारी केली असेल तर किती नोंदी संशयास्पद होत्या आणि त्यांचे काय केले, हे लेखातच सांगा. तेवढे एक वाक्य नसल्यामुळे पूर्ण कोष्टक निकामी झालेले मी पाहिले आहे.

आतापर्यंत ज्यांनी तोंडी इच्छा कळवली, त्यांतले बहुतेक जण पश्चिम युरोपातल्या मुसलमानांवर किंवा इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या हिंदूंवर लिहू इच्छितात. माझी वरची उदाहरणेही त्याच बाजूला झुकली आहेत, हे दिसतेच आहे. पण प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२० सालासाठीच्या अंदाजानुसार जगातल्या आंतरराष्ट्रीय स्थलांतरितांत ख्रिस्ती ४७ टक्के आहेत, मुस्लिम २९ टक्के आणि हिंदू ५ टक्के. अमेरिकेतून मेक्सिकोला परत जाणारे कॅथलिक देह, आखातात वारलेले फिलिपिनो कामगार, यांच्यावर एकही गोषवारा हाती नाही. आखाताचे उदाहरण तर आमच्या प्रश्नाला थेट भिडते. जिथे परदेशी कामगाराला कायमचे राहण्याची मुभाच नसते, तिथे 'देह परत गेला कारण ओढ होती' हे वाक्य अर्थहीन होते. देह परत जातो कारण व्हिसा संपला. तो कोणाच्या खर्चाने जातो, मालकाच्या की वकिलातीच्या की सहकाऱ्यांनी वर्गणी काढून, यावरून त्या व्यवस्थेबद्दल पुष्कळ काही कळेल.

त्रिनिदादबद्दलही कोणी लिहावे असे फार वाटते. १८४५ पासून १९१७ पर्यंत तिथे करारावर मजूर नेले गेले. त्यांतल्या हिंदूंनी पिढ्यान्पिढ्या आपली माणसे पुरली, कारण दहनाला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कायद्याची मान्यता नव्हती. मग मान्यता आली आणि नदीकाठी चिता पेटू लागल्या. जो विधी शंभर वर्षे केलाच नव्हता, तो परत कोणी शिकवला? आणि शंभर वर्षे पुरत आलेल्या घरांनी तो सगळ्यांनीच घेतला का? समाज जितका जुना तितका विधी सैल, हा नियम इथे उलटा पडतो.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. गोषवारा पाचशे शब्दांचा, सोबत एका मुख्य कागदाची प्रत किंवा वर्णन. प्रकरण सहा ते सात हजार शब्दांचे. कोणाकडूनही छपाईसाठी एक पैसा घेतला जाणार नाही. असा पैसा मागणाऱ्या ग्रंथांत आपण नाव देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, मग पदोन्नतीचे गुण कितीही मिळोत. पहिला मसुदा आला की प्रत्येक लेखकाने दुसऱ्या दोघांची प्रकरणे वाचून लेखी अभिप्राय द्यायचा आहे. हे जमणार नसेल तर आत्ताच सांगा, राग नाही. प्रबंधातले प्रकरण चालेल, पण पूर्वसूरींचा वीस पानी आढावा काढून टाकलेला हवा.

कबरीच्या दगडाचे छायाचित्र सार्वजनिक जागेतले असले तरी त्यावरचे नाव कोणाच्या तरी घरचे असते. नाव वाचता येत असेल तर कुटुंबाची लेखी संमती हवी. नाही मिळाली तर छायाचित्र नाही. ज्यांचा देश सोडण्याचा किंवा राहण्याचा कागद अपुरा आहे अशा लोकांच्या बाबतीत गाव आणि वर्षही बदला, आणि बदलले आहे असे लिहा.

शेवटची विनंती विद्यापीठाबाहेरच्या लोकांना आहे. मय्यतीला गुस्ल देणारे, शवपेट्यांची कागदपत्रे करून देणारे, दाहगृहात विधी सांगणारे पुरोहित, वकिलातीत मृत्यूंचे टेबल सांभाळणारे कारकून : या विषयातले बारकावे तुमच्याकडे आहेत आणि आमचे लेखक तुमच्याकडूनच ते उसने घेत असतात. ग्रंथात चार प्रकरणे आम्ही तुमच्यासाठी राखून ठेवली आहेत. लिहायची सवय नसेल तर बोलून ध्वनिमुद्रण पाठवा, कोणत्याही बोलीत. आम्ही उतरवून घेऊ, छापण्याआधी तुम्हाला पूर्ण वाचून दाखवू, आणि जे वाक्य तुम्ही नको म्हणाल ते काढू. लेखक म्हणून नाव तुमचेच राहील. उतरवून घेणाऱ्याचे नाव खाली लहान अक्षरांत येईल.

आपला,
ग्रंथाच्या दोघा संपादकांपैकी एक